खाडीचा एक पूल आणि अठरा हजारांचा फरक

प्रश्न : आम्ही येत्या मार्चमध्ये कोल्हापूरहून ठाण्याला येतोय. माझी नोकरी ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये, नवऱ्याची बदली फोर्टमधल्या बँकेत. मुलगी जूनमध्ये पहिलीला जाईल, घरी तिला सांभाळायला दुसरं कोणी नाही. एजंटने तीन टू बीएचके दाखवली : पाचपाखाडी ४२ हजार, कळव्यात पारसिकनगर २४ हजार, घोडबंदर रोडला कासारवडवली ३० हजार. कळवा तर ठाण्याच्या पुढचंच स्टेशन! मग एवढा फरक कशाचा? आणि स्वस्तातलं घेऊन आम्ही फसणार तर नाही ना?
— एक कोल्हापूरकर

उत्तर :

ताई, एजंटने सांगितलेले आकडे त्या त्या भागाला धरूनच आहेत, तेव्हा भावात फसवणूक दिसत नाही. ठाणे आणि कळवा यांच्यामधली खाडी ओलांडली की भाडं जवळजवळ निम्म्यावर येतं हे खरं आहे. पण तो फरक ज्या गोष्टींचा आहे, त्यातल्या काही तुमच्या उपयोगाच्या आहेत आणि काही अजिबात नाहीत. भाडं ठरतं ते त्या भागात घर शोधणाऱ्या सगळ्यांच्या गरजांवरून. तुम्हाला मात्र तुमच्या तिघांच्या गरजेपुरतेच पैसे मोजायचे आहेत. म्हणून आधी पाचपाखाडीचे ४२ हजार कशाकशाचे आहेत ते पाहू.

सगळ्यात मोठा वाटा रेल्वेचा. नकाशावर ठाणे आणि कळवा यांत रुळाने दोन-अडीच किलोमीटरचं अंतर आहे. पण मुंबईत स्टेशनची किंमत अंतरावर ठरत नाही, तिथे कोणती गाडी थांबते यावर ठरते. ठाण्याला फास्ट आणि स्लो दोन्ही लोकल थांबतात. कळव्याला गर्दीच्या वेळच्या मोजक्या गाड्या सोडल्या तर फास्ट थांबतच नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, तेव्हा कळवेकरांना वाटलं की आता फास्ट गाड्या आपल्याकडेही थांबतील. गाड्या जवळून जाऊ लागल्या, थांबेना झाल्या. त्यामुळे कळव्याच्या माणसाला दोनच वाटा उरतात : स्लो धरून सरळ सीएसएमटी, नाहीतर एक स्टेशन ठाण्याला येऊन फास्ट बदलायची.

दुसरी गोष्ट वेळापत्रकात दिसत नाही, ती म्हणजे गाडीत शिरता येणं. कल्याण, डोंबिवली, दिवा करत आलेली सकाळची स्लो कळव्याला पोचते तेव्हा भरलेली असते. ठाण्याहून मात्र काही स्लो लोकल तिथूनच सुटतात, आणि थोडं आधी फलाटावर गेलं तर त्यांत बसायला मिळतं. कळव्याजवळच्या कारशेडमधून रिकामी गाडी ठाण्याला निघते, तिच्यात बसायला कित्येक जण रूळ ओलांडून कारशेडपर्यंत जातात. कुणी तुमच्या मिस्टरांना ही युक्ती सांगेल. ती ऐकू नये, त्यात जीव जातो. पण माणसं एवढी जोखीम का घेतात, ते लक्षात घ्या. बसायला जागा मिळणं ही या मार्गावर पैशांत मोजण्यासारखी गोष्ट आहे, आणि ठाण्याचं भाडं ती मोजतं.

ठाण्याला तिसरा फायदा तुमच्या बाजूचा आहे. ऐरोली, घणसोली, वाशीकडे जाणारी ट्रान्स हार्बर लाइन २००४ मध्ये सुरू झाली, तिच्या गाड्या ठाण्याहून सुटतात, ९ आणि १० नंबरच्या फलाटांवरून. म्हणजे एका बाजूला फोर्ट, दुसऱ्या बाजूला नवी मुंबईतल्या कंपन्या, आणि दोन्हीकडे जायचा रस्ता एकाच स्टेशनातून. नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे नोकरी करते अशी जितकी घरं मुंबईच्या या टोकाला आहेत, त्या सगळ्यांची नजर ठाणे स्टेशनच्या दोन किलोमीटरच्या आत असते. नौपाडा, पाचपाखाडी, चरई, राम मारुती रोड हा पट्टा त्यात येतो. तिथे नवी जमीन नाही. जुन्या इमारती पाडून उंच केल्या जातात तेवढीच वाढ. मागणी दोन बाजूंनी येते आणि घरं तेवढीच राहतात, म्हणून भाडं चढतं. स्टेशनवरचा ताण एवढा की २०२४ च्या मेअखेर ६३ तासांचा ब्लॉक घेऊन रेल्वेला ५ आणि ६ नंबरचा फलाट रुंद करावा लागला.

आता नोकऱ्यांबद्दल. तुम्ही जिथे रुजू होणार त्या ऐरोली पट्ट्यात, रबाळे-महापेपर्यंत, एकेकाळी रासायनिक आणि इंजिनिअरिंग कारखाने होते. आता तिथे मोठाल्या आयटी इमारती आहेत. ठाण्यातली वागळे इस्टेट ही एमआयडीसीच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी, तिथेही कारखान्यांच्या जागी कार्यालयं आली. या नोकऱ्यांमुळे भाडं वाढतं, पण कसं वाढतं ते लोक नीट पाहत नाहीत. मोठ्या पगाराचा साहेब येऊन भाडं चढवतो असं सर्वांना वाटतं. पण भाव खरा चढतो तो तीन-चार जणांनी मिळून घर घेतल्याने. तीन मुलं प्रत्येकी १३ हजार देतात आणि टू बीएचकेचे ३९ हजार होतात. त्या प्रत्येकाला ते परवडतं. एक कुटुंब मात्र ३९ हजार एका-दोन पगारांतून काढतं, त्यातच शाळेची फी असते. कंपनीच्या गाड्या जिथून माणसं उचलतात, त्या थांब्यांच्या आसपास ही मागणी सगळ्यात दाट असते.

पण मुंबईत अनेक सोसायट्या सुट्या मुलांना घर देत नाहीत. तशा सोसायटीत मालकाकडे फक्त कुटुंबंच भाडेकरू म्हणून येतात, आणि त्याला भाव थोडा खाली आणावा लागतो. सुट्या मुलांना अशी बंदी घालणं मला पटत नाही, हे स्पष्टच सांगते. पण ती आहे, आणि दोन शेजारच्या इमारतींत चार-पाच हजारांचा फरक दिसला तर त्याचं कारण कित्येकदा एवढंच असतं. एजंटला हे थेट विचारा.

शाळांचं गणित वेगळं आहे. आपल्याकडे पत्ता पाहून शाळा मिळत नाही. शिक्षण हक्क कायद्याखालच्या पंचवीस टक्के जागांसाठी घरापासून एक आणि तीन किलोमीटरची मोजणी होते, पण त्या जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी आहेत. बाकी खासगी शाळेत कुठलंही मूल कुठूनही जाऊ शकतं. तरीही शाळेजवळचं घर महाग असतं, कारण सहा वर्षांचं मूल रोज किती वेळ बसमध्ये घालवणार आणि दुपारी त्याला कोण आणणार, हे दोन प्रश्न घरच्यांच्या डोक्यात असतात. नौपाड्यात डॉ. बेडेकर विद्यामंदिर, सरस्वती, मो. ह. विद्यालय अशा जुन्या शाळा चालत जाण्याच्या अंतरात आहेत. मराठी मध्यम वर्ग तीन पिढ्या त्या भागाला चिकटून आहे त्यामागे त्या शाळांचा मोठा हात आहे. घोडबंदर रोडवर गेल्या वीस वर्षांत इंग्रजी माध्यमाच्या शाळा संकुलांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. कळव्यातही शाळा आहेत, मराठी आहेत आणि इंग्रजीही. पण ठाण्यातल्या नावाजलेल्या शाळेत मुलाला घालायचं असेल, तर कळव्याहून रोज खाडीचा पूल ओलांडावा लागतो. सकाळी सातला ते सोपं असतं, दुपारी परतताना नसतं. सगळ्याच शाळांच्या बस खाडीपलीकडे येत नाहीत, मग खासगी व्हॅन लावावी लागते, आणि व्हॅनवाला दहा दारं फिरत घरी सोडतो.

ही झाली ठाण्याची बाजू. कळव्याचं भाडं पडण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि तुम्ही फसायचं झालं तर तिथे फसाल. कळवा, मुंब्रा, दिवा या पट्ट्यात परवानगीशिवाय उभ्या राहिलेल्या इमारती पुष्कळ आहेत. २०१३ च्या एप्रिलमध्ये शिळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली अशीच एक बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसं गेली. पारसिकनगर, खारेगाव, मनीषानगर हा कळवा पश्चिमेचा भाग त्या मानाने नीट वसलेला आहे, नोंदणीकृत सोसायट्या आहेत. पूर्वेला डोंगराच्या बाजूची वस्ती वेगळी. तरीही पश्चिमेलासुद्धा प्रत्येक इमारत तपासून घ्यावी. मालकाकडे इमारतीचा भोगवटा दाखला मागा, म्हणजे इमारत परवानगीप्रमाणे बांधलेली आणि राहण्याजोगी आहे असं सांगणारा महापालिकेचा कागद. तो नाही म्हणाला, किंवा ‘सोसायटीकडे असेल’ म्हणून टोलवाटोलवी केली, तर सोसायटीच्या सचिवाला जाऊन भेटा. ठाणे महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. त्यात सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करायची. सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. इमारत त्या यादीत नाही ना, हे तेवढं पाहाच. आणि पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, हे मालकाला नको, तळमजल्यावरच्या बाईंना विचारा.

दाखला असलेली, यादीत नसलेली, पाणी बरं असलेली इमारत कळव्यात मिळाली, तर उरलेली स्वस्ताई ही निव्वळ फास्ट गाडी न थांबण्याची आणि शाळा पलीकडे असण्याची असते. ती तुम्ही खुशाल घ्यावी की नाही, याचा हिशेब मांडू.

मिनिटं मी अंदाजाने धरते, तुम्ही आल्यावर ती स्वतः तपासा. पाचपाखाडीहून तुमच्या मिस्टरांना शेअर रिक्षाने स्टेशन १२ मिनिटं, जिना चढून गाडीची वाट पाहणं ८, फास्टने सीएसएमटी ५२, पुढे चालत १०. एकूण ८२. तुम्हाला तेच स्टेशनपर्यंतचे १२ आणि ८, मग ट्रान्स हार्बरने ऐरोली १२, आणि स्टेशनपासून कंपनीच्या दारात १०. एकूण ४२.

पारसिकनगरहून कळवा स्टेशनपर्यंत साधारण तेवढीच मिनिटं, १२ आणि ८. मग ठाण्यापर्यंत ५, आणि तिथे गाडी बदलायला १०. हे जास्तीचे १५ दोघांनाही लागतात. म्हणजे मिस्टरांचे ९७, तुमचे ५७. तुम्हाला रस्त्यानेही जाता येईल, कळव्याहून विटावा, दिघा करत ऐरोली जवळच आहे. पण विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली वाहनं तुंबतात आणि जोराच्या पावसात पाणी भरतं. जून ते सप्टेंबर त्या रस्त्यावर भिस्त ठेवू नका.

कासारवडवलीहून ठाणे स्टेशन नऊ-दहा किलोमीटर. घोडबंदर रोडवर अवजड वाहनं, त्यात मेट्रोची कामं. सकाळी ४५ मिनिटं धरली तरी ती दर दिवशी मिळतील असं नाही. ती धरूनही मिस्टरांचे ११५ आणि तुमचे ७५ होतात. पाचपाखाडीपेक्षा प्रत्येकाला ३३ मिनिटं जास्त, तीही एका बाजूची.

आता महिन्याचे २२ कामाचे दिवस धरा. कळव्यात राहिलात तर जाऊन-येऊन दोघांचा मिळून रोज एक तास जास्त जातो, महिन्याला २२ तास. त्याबदली भाड्यात वाचतात १८ हजार. म्हणजे घालवलेल्या प्रत्येक तासाचे सुमारे ८२० रुपये तुमच्या हातात राहतात. कासारवडवलीत दोघांचे मिळून रोज २ तास १२ मिनिटं जास्त, महिन्याला ४८ तासांच्या वर, आणि वाचतात १२ हजार. तासाला २५० रुपये. रिक्षा-बसचा वाढीव खर्च त्यातून वजा केला तर आणखी कमी.

म्हणून तुमच्यासाठी या तिघांत कासारवडवली सगळ्यात महाग आहे, एजंटच्या कागदावर ते मधलं दिसत असलं तरी. तिथे भाडं कळव्यापेक्षा सहा हजारांनी जास्त का, तर तिथल्या मोठ्या संकुलांना पोहण्याचा तलाव, बाग, गाडीला जागा आहे, जवळ इंग्रजी शाळा आहेत, आणि तिथे राहणारे पुष्कळ लोक वागळे, माजिवडा, नाहीतर बोरिवलीच्या बाजूला स्वतःच्या गाडीने जातात. त्यांना स्टेशनशी देणंघेणं नाही. त्यांच्या दृष्टीने ते ३० हजार रास्त आहेत. तुम्ही ते दिले तर दुसऱ्याच्या सोयीचं भाडं भराल.

मेट्रोचं काय, असं कुणी म्हणेलच. वडाळा ते कासारवडवली ही मेट्रो ४ आणि पुढे गायमुखपर्यंतची ४अ, यांच्या घोडबंदरकडच्या टप्प्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये चाचणी झाली. घरमालक तेव्हापासून भाड्यात मेट्रो धरून बोलतात. पण ही मेट्रो ठाणे स्टेशनला जात नाही. ती माजिवडा, तीन हात नाका करत मुलुंडच्या बाजूला उतरते. सगळा मार्ग चालू झाला तरी मिस्टरांना फोर्टसाठी गाडी बदलावी लागेल आणि तुम्हाला ऐरोलीसाठी तिचा काहीच उपयोग नाही. कळव्यातही असंच एक गाजर आहे : कळवा-ऐरोली उन्नत रेल्वेमार्ग, ज्याने कल्याणकडच्या गाड्या ठाण्याला न येता थेट नवी मुंबईकडे वळतील. त्यातलं दिघा गाव स्टेशन २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं, मार्ग मात्र पुनर्वसनाच्या प्रश्नात अडकून पडला. भाडेकरूने होणाऱ्या गोष्टींचे पैसे कधीही देऊ नयेत. विकत घेणाऱ्याने तो विचार करावा, कारण वाढलेली किंमत त्याच्या पदरात पडते. तुमच्या बाबतीत मेट्रो सुरू झाली की पुढच्या करारात भाडंच वाढेल.

इथपर्यंत हिशेबात मुलगी आलेली नाही. ती आली की चित्र बदलतं, आणि मला वाटतं तुमचा निर्णय तिच्यावरच व्हावा.

घरी दुसरं कोणी नाही असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे शाळा सुटल्यापासून तुम्ही घरी येईपर्यंत पाळणाघर लागणार, आणि दुपारी शाळेतून ‘ताप आलाय, घेऊन जा’ असा फोन आला तर फोर्टहून कोणी वेळेत पोचणार नाही. तुम्हीच जाणार. म्हणून मुलीची शाळा, पाळणाघर आणि तुमचं ऑफिस यांत कमीत कमी अंतर असायला हवं. हे एकदा मान्य केलं की एजंटने न दाखवलेला चौथा भाग समोर येतो, तो म्हणजे खुद्द ऐरोली.

ऐरोली सिडकोने आखून वसवलेली आहे, सेक्टरवार, रुंद रस्ते, मधे बागा, डीएव्हीसारख्या शाळा सेक्टरांतच. टू बीएचकेचं भाडं साधारणपणे पाचपाखाडीपेक्षा कमी आणि कळव्यापेक्षा जास्त सांगतात. शेजारच्या दिघ्यात ते लगेच खाली येतं, कारण दिघा आखून वसलेलं नाही. तिथेही हीच दाखल्याची चौकशी करा. ऐरोलीहून तुमची मिनिटं : घरापासून ऑफिस १८-२०. मिस्टरांची : स्टेशनपर्यंत १०, वाट पाहणं ८, ठाण्यापर्यंत १२, गाडी बदलणं १०, फास्ट ५२, चालणं १०. एकूण १०२. पाचपाखाडीच्या मानाने त्यांचे २० वाढले, तुमचे वीस-बावीस कमी झाले. दोघांचा मिळून वेळ जवळजवळ तेवढाच, भाडं कमी, आणि मुलीपासून तुम्ही वीस मिनिटांवर.

यात मिस्टरांवर भार जास्त पडतो हे मला दिसतंय. रोज जाऊन-येऊन साडेतीन तास प्रवास ही लहान गोष्ट नाही, आणि दमून आलेला माणूस घरकामात हात लावणार नाही, ही भीतीही खरी आहे. त्याचं काय करायचं ते तुम्ही दोघांनी घर ठरवण्याआधी बोला. सकाळचं मुलीचं आवरून तिला शाळेत सोडायचं त्यांच्याकडे, की सुट्टीच्या दिवसाचं सगळं त्यांच्याकडे, हे आधी ठरवता येतं. त्यांना हा प्रवास जमणारच नसेल, बँकेत सकाळी लवकर पोचावं लागत असेल, तर पाचपाखाडीचे ४२ हजार तुमच्यासाठी उधळपट्टी नाहीत. मग मुलीला नौपाड्याच्या बाजूच्या शाळेत घाला आणि पाळणाघर स्टेशनच्या वाटेवरचं पाहा. ऐरोलीहून ठाणे बारा मिनिटांचं आहे, तुम्ही दुपारीही येऊ शकाल.

कळवा तुमच्यासाठी कधी योग्य? आई किंवा सासूबाई येऊन राहणार असतील तर. मग दुपारचा प्रश्न सुटतो, मुलीला कळव्यातल्याच शाळेत घालता येतं, आणि महिना १८ हजार वाचवणं फार मोठी गोष्ट आहे, वर्षाला दोन लाखांच्या वर. त्या स्थितीत मी ऐरोलीआधी कळवाच सांगितलं असतं.

थोडं आता कामाच्या पद्धतीबद्दल. आधी शाळा, मग घर. पुष्कळ शाळांचे प्रवेश जूनच्या सहा-सात महिने आधी सुरू होतात. तुम्ही मार्चमध्ये येणार, तोवर चांगल्या शाळांतल्या जागा भरत आलेल्या असतील. आत्ताच फोन करून पहिलीला जागा आहे का ते विचारा, कारण पहिलीला नवी मुलं थोडीच घेतात, बाकीची बालवर्गातून वर सरकतात. प्रवेश कळव्यात मिळाला, नौपाड्यात मिळाला की ऐरोलीत, त्यावर वरचा सगळा हिशेब फिरू शकतो.

घर बघायला येताना रविवारी येऊ नका. एजंट रविवारीच बोलावतात, तेव्हा रस्ते मोकळे असतात. मंगळवार-बुधवारी या, सकाळी आठला इमारतीच्या फाटकापासून घड्याळ लावा आणि मिस्टरांनी फोर्टपर्यंत, तुम्ही ऐरोलीपर्यंत खरोखर जाऊन पाहा. संध्याकाळी सातला परत या. माझ्या आकड्यांपेक्षा तुमचे आकडे दहा-पंधरा मिनिटांनी वेगळे निघाले तर तुमचेच धरा आणि तासाचा भाव पुन्हा काढा.

मालक सांगतो ते भाडं आणि ठरतं ते भाडं यांत फरक असतो. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी करून नोंदवणं बंधनकारक आहे, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार, ११ महिन्यांचा असला तरी. नोंदवलेल्या कराराची सूची दोन, म्हणजे त्यातल्या मुख्य नोंदींचा गोषवारा, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या igrmaharashtra.gov.in या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये शोधता येते. त्याच इमारतीतले, नाहीतर शेजारच्या इमारतीतले मागच्या वर्षीचे करार मिळाले तर घासाघीस करताना हातात काहीतरी राहतं. मार्च ते जून हा भाड्याचा चढता काळ असतो, शाळा सुरू होण्याआधी सगळे घर बदलतात. त्यामुळे तेव्हा दीड-दोन हजार कमी करून मिळाले तरी पुष्कळ समजा.

आणि कराराची मुदत. एजंट सवयीने ११ महिन्यांचा कागद पुढे करेल. मार्चमध्ये सही केलीत तर तो जानेवारीअखेर संपेल, मुलीचं वर्ष अर्ध्यावर असताना, आणि मालकाने घर मागितलं तर शाळा तिथे आणि घर भलतीकडे अशी स्थिती होईल. नोंदणी तशीही करायचीच आहे, मग २७ महिन्यांचा करार मागा. तो मार्चमध्ये सुरू होऊन तिसऱ्या वर्षीच्या मेअखेर संपतो, मुलीची दुसरी पूर्ण झाल्यावर. मधली भाडेवाढ किती टक्के ते त्यातच लिहून घ्या. आणि त्या काळात मालकाने मधेच घर रिकामं करायला सांगायचं नाही, तुम्ही मात्र दोन महिन्यांची सूचना देऊन सोडू शकता, असं कलम घाला. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का असतं. २४ हजारांच्या घराचं २७ महिन्यांचं ते सोळाशेच्या आसपास येतं, अनामतीवरचं थोडं वेगळं. अर्धं मालकाने भरायचं, असं बोलणं पहिल्याच भेटीत करून टाका.